पुढच्या महिन्यात किती नग जातील? जुन्या ऑर्डरींवरून अंदाज काढण्याची रीत

पुढच्या महिन्यासाठी किती माल मागवायचा हे ठरवताना बहुतेक छोटे विक्रेते गेल्या तीन महिन्यांची सरासरी काढतात. वर्षभर सारख्याच खपणाऱ्या वस्तूसाठी ही रीत चांगली चालते. पण वस्तूला हंगाम असेल, तर नेमका हंगाम बदलताना ती दगा देते. चढत्या हंगामात माल कमी पडतो आणि उतरत्या हंगामात पडून राहतो, कारण सरासरीत मावळलेले महिने असतात आणि आपल्याला लागतो तो उगवणारा.

उपाय अवघड नाही. आधी जुन्या आकड्यांमधून हंगाम बाजूला काढायचा, उरलेल्या आकड्यांची सरासरी घ्यायची आणि मग पुढच्या महिन्याचा हंगाम त्या सरासरीत परत मिसळायचा. गुणाकार-भागाकारापलीकडचं गणित लागत नाही. खरी मेहनत आहे ती आकडे साफ करण्यात.

उदाहरण एकच घेऊ आणि शेवटपर्यंत तेच वापरू. पाण्याच्या बाटलीचं एक मॉडेल आहे, उकाड्याच्या महिन्यांत जास्त खपतं. दोन पूर्ण वर्षांच्या ऑर्डरी हाताशी आहेत, तिसऱ्या वर्षाचे जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्च नुकतेच संपलेत, आणि एप्रिलचा अंदाज हवा आहे. आकडे रीत समजावी म्हणून बनवलेले आहेत.

पहिलं काम: ऑर्डरींची यादी साफ करणं

मोजायचे ते नग, ऑर्डरी नव्हे. एका ऑर्डरीत तीन बाटल्या असतील तर तीन मोजा. तारीख घ्यायची ती ऑर्डर आल्याची, माल पाठवल्याची नाही. महिनाअखेरीच्या ऑर्डरी पुढच्या महिन्यात रवाना झाल्या तर मागणी उगाच सरकलेली दिसते. ग्राहकाने लगेच रद्द केलेली ऑर्डर वगळा. मात्र तुमच्याकडे माल नव्हता म्हणून तुम्ही रद्द केलेली ऑर्डर यादीत ठेवा, कारण मागणी होती, पुरवठा नव्हता. परत आलेले नग मागणीतून वजा करू नका. विकाऊ स्थितीत परत आले असतील तर ते साठ्यात धरा, तिथेच त्यांचा हिशोब होतो.

महिन्याच्या बेरजा स्प्रेडशीटमध्ये एका सूत्राने होतात. `Orders` नावाच्या पानावर `A` रकान्यात तारीख आणि `D` रकान्यात नग असतील आणि दुसऱ्या पानावर `A2` मध्ये महिन्याची पहिली तारीख लिहिली असेल, तर पहिल्या सूत्राने महिन्याचे नग मिळतात आणि दुसऱ्याने महिन्याचे दिवस:

```
=SUMIFS(Orders!D:D,Orders!A:A,">="&A2,Orders!A:A,"<"&EDATE(A2,1))
=DAY(EOMONTH(A2,0))
```

सगळ्या महिन्यांची बेरीज आणि मूळ यादीतल्या नगांची बेरीज जुळते का, हे एकदा पाहाच. जुळली नाही तर बहुधा काही तारखा मजकूर म्हणून साठवल्या गेल्या आहेत. दिसायला त्या तारखाच असतात, पण सूत्र त्यांना मोजत नाही आणि तशी सूचनाही देत नाही.

विक्री म्हणजे मागणी नव्हे

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा असं माझं मत आहे. ऑर्डरींची नोंद तुम्ही काय विकलं ते सांगते. लोकांना काय हवं होतं ते सांगतेच असं नाही.

आपल्या उदाहरणात दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात ४२० नगांची नोंद आहे. आदल्या वर्षीच्या मेमध्ये ५०२ गेले होते. धंदा वाढत असताना मे घसरला कसा? साठ्याची नोंद पाहिली तर त्या महिन्यात सात दिवस बाटली शिल्लकच नव्हती. म्हणजे ४२० नग ३१ दिवसांत नाही, २४ दिवसांत गेले. रोजचे १७.५. हाच वेग पूर्ण महिना धरला तर १७.५ × ३१ = ५४२.५, म्हणजे ५४३. पुढच्या सगळ्या हिशोबात मेसाठी हा आकडा घ्यायचा.

ही दुरुस्ती केली नाही तर चूक एका वर्षापुरती राहत नाही. मेचा हंगाम कागदावर बुटका दिसतो, म्हणून पुढच्या मेसाठी माल कमी मागवला जातो, तो पुन्हा संपतो आणि नोंद पुन्हा कमी होते. म्हणून माल कधी संपला आणि कधी आला, या दोन तारखा लिहून ठेवायची सवय लावून घ्या. साठ्याची नोंदच नसेल, तर रोजच्या ऑर्डरी पाहा. चांगल्या खपाच्या वस्तूला सलग चार-पाच दिवस शून्य ऑर्डरी दिसल्या, तर माल संपला होता किंवा विक्रीचं पान बंद पडलं होतं असं समजायला हरकत नाही. महिन्याला दहा-बारा नग जाणाऱ्या वस्तूला मात्र हे लागू नाही. तिथे असे कोरडे दिवस एरवीही येतात.

एक बारकावा. माल संपला तेव्हा काही ग्राहक दुसरीकडे गेले असतील आणि काही थांबले असतील. थांबलेल्यांच्या ऑर्डरी माल आल्यावर एकदम येतात, त्यामुळे पुढच्या महिन्याचा आकडा थोडा फुगू शकतो. आपल्या उदाहरणातला दुसरा जून किंचित वर आहे, त्याचं कारण हेच असू शकेल. फरक लहान असेल तर त्याच्या मागे लागू नका.

उलट बाजूची चूकही असते. दुसऱ्या वर्षी सप्टेंबरमध्ये ३८१ नग दिसतात, पण त्यात एका संस्थेने एकदाच घेतलेले १२० आहेत. ही ऑर्डर दरवर्षी येणार असेल तर ती वेगळी लिहून ठेवा आणि वेळ आली की अंदाजात वरून मिळवा. येणार नसेल तर वगळा. दोन्ही बाबतीत हंगामाच्या हिशोबात सप्टेंबर २६१ च धरायचा.

गंमत अशी, की दुरुस्तीआधी दुसऱ्या वर्षाची बेरीज होती ४०१२ आणि दुरुस्तीनंतर झाली ४०१५. वर्षाच्या बेरजेकडे पाहून या दोन चुका कधीच सापडल्या नसत्या, कारण त्यांनी एकमेकींना झाकून टाकलं होतं.

हंगामाचा गुणक

आता प्रत्येक महिन्याचे नग त्या महिन्याच्या दिवसांनी भागा. फेब्रुवारी २८ दिवसांचा आणि मार्च ३१ दिवसांचा. नुसत्या दिवसांमुळेच मार्च १० टक्क्यांहून जास्त मोठा दिसतो. हा फरक हंगामात मिसळू द्यायचा नाही.

मग पूर्ण वर्षाची रोजची सरासरी काढा. पहिल्या वर्षी ३६५० नग गेले, म्हणजे रोज १०. दुसऱ्या वर्षी ४०१५, म्हणजे रोज ११. महिन्याची रोजची सरासरी त्याच वर्षाच्या रोजच्या सरासरीने भागली की त्या महिन्याचा गुणक मिळतो. एप्रिलचं पाहू. पहिल्या वर्षी ४५६ ÷ ३० = १५.२ आणि १५.२ ÷ १० = १.५२. दुसऱ्या वर्षी ४८९ ÷ ३० = १६.३ आणि १६.३ ÷ ११ = १.४८. दोन्हींची सरासरी १.५०. अर्थ सरळ आहे: एप्रिलमध्ये ही बाटली वर्षाच्या सरासरीच्या दीडपट खपते.

| महिना | पहिलं वर्ष | दुसरं वर्ष (दुरुस्त) | गुणक |
|---|---|---|---|
| जानेवारी | २२१ | २३७ | ०.७० |
| फेब्रुवारी | २१७ | २५० | ०.७९ |
| मार्च | ३३५ | ३८१ | १.१० |
| एप्रिल | ४५६ | ४८९ | १.५० |
| मे | ५०२ | ५४३ | १.६१ |
| जून | ३५१ | ४०२ | १.१९ |
| जुलै | २५४ | २६८ | ०.८० |
| ऑगस्ट | २३९ | २७७ | ०.७९ |
| सप्टेंबर | २४६ | २६१ | ०.८१ |
| ऑक्टोबर | ३१५ | ३४५ | १.०१ |
| नोव्हेंबर | २६३ | ३०४ | ०.९० |
| डिसेंबर | २५१ | २५८ | ०.७८ |

बारा गुणकांची बेरीज १२ च्या आसपास यायला हवी. इथे ११.९८ येते, म्हणजे ठीक आहे. बेरीज १२ पासून लांब गेली तर कुठेतरी दिवस किंवा भागाकार चुकला आहे.

दोन वर्षांचे गुणक एकमेकांशी ताडूनही पाहा. १.५२ आणि १.४८ हे एकाच कुटुंबातले आहेत. एखाद्या महिन्याचे गुणक ०.८ आणि १.३ असे आले, तर सरासरी काढून मोकळं होऊ नका. त्या महिन्यात काय घडलं ते शोधा: माल संपला होता, मोठी सूट दिली होती, की एखादा सण एका वर्षी या महिन्यात आणि दुसऱ्या वर्षी शेजारच्या महिन्यात पडला होता. सणाचं किंवा सवलतीच्या विक्रीचं कारण असेल, तर त्या दिवसांतली जादा विक्री वेगळी काढा, उरलेल्यावर गुणक काढा आणि यंदा तो प्रसंग ज्या महिन्यात येतो तिथे ती जादा विक्री मिळवा.

या रीतीची एक मर्यादा आधीच सांगितलेली बरी. धंदा वर्षभर वेगाने वाढत असेल, तर वर्षाच्या शेवटचे महिने निव्वळ वाढीमुळे मोठे दिसतात आणि सुरुवातीचे लहान. वर्षाला दहा टक्के वाढ असेल तर टोकाच्या महिन्यांत हा तिरकसपणा चार-पाच टक्क्यांचा असतो, तो चालवून घेता येतो. वाढ पंचवीस-तीस टक्के असेल तर नाही. तेव्हा महिन्याला कॅलेंडर वर्षाच्या सरासरीने भागण्याऐवजी तो महिना मध्यभागी येईल अशा बारा महिन्यांच्या सरासरीने भागावं. त्यासाठी अर्थातच आगेमागे सहा-सहा महिन्यांचे आकडे लागतात.

हंगाम काढून सरासरी, मग हंगाम परत

तिसऱ्या वर्षी जानेवारीत २५४, फेब्रुवारीत २६४ आणि मार्चमध्ये ३९७ नग गेले. रोजचे अनुक्रमे ८.१९, ९.४३ आणि १२.८१. नुसतं पाहिलं तर धंदा उसळी घेतोय असं वाटतं. आता प्रत्येक आकडा त्याच्या गुणकाने भागा:

जानेवारी: ८.१९ ÷ ०.७० = ११.७०
फेब्रुवारी: ९.४३ ÷ ०.७९ = ११.९४
मार्च: १२.८१ ÷ १.१० = ११.६५

उसळी गायब झाली. उरली ती धंद्याची मूळ पातळी, रोज सुमारे पावणेबारा नग. गेल्या वर्षीच्या ११ पेक्षा थोडी वर, पण तीन महिन्यांत जवळजवळ स्थिर. तिन्हींची सरासरी ११.७६. तिला एप्रिलच्या गुणकाने आणि दिवसांनी गुणा: ११.७६ × १.५० × ३० = ५२९.

याच तीन महिन्यांची साधी सरासरी येते ३०५. त्यावर विसंबून माल मागवला असता तर एप्रिलच्या मध्यालाच साठा रिकामा झाला असता.

ताळा म्हणून दुसऱ्या वाटेने जा. यंदाच्या तीन महिन्यांची बेरीज ९१५ आहे, गेल्या वर्षी याच तीन महिन्यांची ८६८ होती; वाढ ५.४ टक्के. गेल्या वर्षीच्या ४८९ नगांवर तेवढी वाढ धरली तर ५१५ येतात. ५२९ आणि ५१५ जवळ आहेत, म्हणून पुढे जायला हरकत नाही. दोन वाटांनी येणारे आकडे खूप लांब असते, तर आधी साफसफाईकडे परत गेलो असतो.

मूळ पातळीसाठी तीनच महिने का? सहा घेतले तर आकडा अधिक शांत राहतो, पण धंद्यात झालेला खरा बदल उशिरा दिसतो. एकच घेतला तर एखाद्या बऱ्या-वाईट महिन्यावर सगळा अंदाज हेलकावतो. मी तीनपासून सुरुवात करायला सांगेन, आणि खालच्या परीक्षेत सहाने चूक कमी आली तर सहा घ्यायला.

जुन्या महिन्यांवर परीक्षा

अंदाजावर किती विश्वास ठेवायचा हे मागचे महिने सांगतात. दुसऱ्या वर्षीच्या जूनअखेर उभे आहोत असं समजा. हातात फक्त पहिल्या वर्षाचे गुणक आणि तोवरचे आकडे. जुलैचा अंदाज काढा, मग जुलैचा खरा आकडा उघडा, मग ऑगस्टचा अंदाज, असं डिसेंबरपर्यंत जा. पुढचे आकडे आधी वापरायचे नाहीत, नाहीतर परीक्षेला अर्थ राहत नाही.

या रीतीने सहा महिन्यांचे अंदाज आले २७९, २६१, २७५, ३४४, २९१ आणि २७७. प्रत्यक्षात गेले २६८, २७७, २६१, ३४५, ३०४ आणि २५८. चुकांची बेरीज ७४ नग, एकूण विक्री १७१३, म्हणजे चूक सुमारे ४.३ टक्के. साध्या तीन महिन्यांच्या सरासरीने याच काळात चूक ३० टक्क्यांवर जाते. "गेल्या वर्षी या महिन्यात गेले तेवढेच" या अंदाजाने साडेआठ टक्के येते. ही शेवटची रीत इतकी सोपी आहे, की तुमचा हिशोब तिला हरवत नसेल तर तो करत बसण्यात अर्थ नाही.

चुकीचा आकार पाहून झाल्यावर तिची दिशाही पाहा. गेल्या वर्षीचाच आकडा धरणारी रीत सहाही महिने कमी पडली, कारण ती वाढ धरतच नाही. आपल्या रीतीच्या चुका कधी वर, कधी खाली आहेत. तुमचा अंदाज सलग चार-पाच महिने एकाच बाजूला चुकत असेल, तर तो योगायोग समजू नका. मूळ पातळी सरकली आहे किंवा गुणक जुने झाले आहेत.

खऱ्या धंद्यात ४ टक्के क्वचितच मिळतात. महिन्याला ४०० नग जात असतील तर मागणी स्थिर असूनही नुसत्या योगायोगाने वीसेक नग इकडेतिकडे होतात, म्हणजे ५ टक्के. महिन्याला २५ च जात असतील तर योगायोगाचा वाटा पाच नगांचा, म्हणजे थेट २० टक्के. हा वर्गमुळाचा नियम आहे आणि कुठल्याही हुशारीने तो चुकवता येत नाही. म्हणून बाटली चार रंगांत असेल आणि प्रत्येक रंगाचे थोडेच नग जात असतील, तर रंगानुसार गुणक काढू नका. चारही रंग मिळून गुणक आणि अंदाज काढा आणि गेल्या काही महिन्यांतल्या वाट्याप्रमाणे वाटून द्या.

अंदाजापासून खरेदीपर्यंत

५२९ हा मधला आकडा आहे. तेवढाच माल ठेवला तर साधारण निम्म्या वेळा तो कमी पडेल. परीक्षेत मिळालेली सरासरी चूक इथे कामी येते: ५२९ चे ४.३ टक्के म्हणजे २३ नग. चुका दोन्ही बाजूंना सारख्या पडत असतील, तर सरासरी चुकीच्या दुप्पट जादा माल ठेवल्यास वीसपैकी सुमारे एकोणीस वेळा तो पुरतो. ५२९ + ४६ = ५७५. सहा महिन्यांची परीक्षा तशी तोकडीच, त्यामुळे माल खराब होणारा किंवा जुना पडणारा नसेल तर थोडं वर राहिलेलं बरं. खराब होणारा असेल तर उलट.

मार्चअखेर १४० बाटल्या शिल्लक आहेत आणि १०० वाटेत आहेत असं धरू. मागवायच्या त्या ५७५ − २४० = ३३५. पुरवठादार माल पोहोचवायला सहा आठवडे घेत असेल, तर मात्र आज मागवलेला माल मेमध्येच हाती येणार. तेव्हा मेचा अंदाजही आजच काढायला हवा: ११.७६ × १.६१ × ३१ = ५८७. इथे ती मेची दुरुस्ती आठवा. माल संपल्याचे दिवस धरले नसते तर मेचा गुणक १.४३ आला असता आणि अंदाज ५२१. म्हणजे ६६ बाटल्या कमी. दोन महिने पुढचा अंदाज एका महिन्याच्या अंदाजापेक्षा जास्त चुकतो, म्हणून राखीव मालही थोडा वाढवावा.

एकाच वर्षाच्या नोंदी असतील तर

एका वर्षावरून काढलेल्या गुणकात हंगाम किती आणि योगायोग किती हे वेगळं करता येत नाही. अशा वेळी त्याच जातीच्या जुन्या वस्तूचे गुणक उसने घ्या. छोट्या बाटलीचे गुणक मोठ्या बाटलीला बहुधा चालतात. तशी वस्तू नसेल, तर मिळालेला गुणक १ च्या दिशेने अर्ध्यापर्यंत ओढा: १.५० आला असेल तर १.२५ धरा, ०.७० आला असेल तर ०.८५. हा ढोबळ अंदाज आहे, पण एका वर्षाच्या आकड्यावर पूर्ण भरवसा टाकण्यापेक्षा कमी धोक्याचा. वर्षाला दोन-चारच नग जाणाऱ्या वस्तूंना या लेखातलं काहीच लावू नका. एक-दोन नग ठेवायचे आणि गेला की मागवायचा, एवढंच त्यांना पुरतं.

महिना सुरू झाल्यावर

दहा एप्रिलला एकदा थांबून पाहा. दहा दिवस म्हणजे महिन्याचा एक तृतीयांश, तेव्हा १७६ बाटल्या जायला हव्यात, असं धरू नका. चढत्या हंगामात महिन्याची सुरुवात बहुधा मंद असते. मागच्या दोन एप्रिलांत पहिल्या दहा दिवसांत महिन्यातल्या किती टक्के नग गेले होते ते काढा. समजा ३० टक्के, तर यंदा ५२९ पैकी १५९ अपेक्षित आहेत. योगायोगाने एवढ्या आकड्यात बारा-तेरा नगांचा फरक सहज पडतो, दुप्पटही अधूनमधून पडतो. म्हणून १३५ ते १८५ च्या दरम्यान काहीही असेल तर अंदाजाला हात लावू नका. १२० च असतील, तर अंदाज खाली आणण्याआधी पान चालू आहे का, एखादा रंग संपला आहे का आणि भाव बदलला होता का, हे तपासा. यातलं काहीच नसेल तर पुढची खेप थोडी कमी करा, आणि मेच्या हिशोबासाठी मूळ पातळी काढताना जानेवारी सोडून एप्रिल आत घ्या.